ईव्ही आणि बॅटरी कारखान्यांतील नोकऱ्या : खरी भरती कोणती, हवा कोणती?

गेल्या दोन-तीन वर्षांत वस्तीतल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज ठरावीक अंतराने फिरतो. "इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीत मोठी भरती, आयटीआय, डिप्लोमा, बी.ई. सर्वांना संधी." कधी तो खरा असतो. कधी दोन वर्षांपूर्वीच्या बातमीवरून कुणीतरी बनवलेला असतो, तर कधी त्यामागे थेट फसवणूक असते. तिन्ही मेसेज दिसायला सारखेच. मुलगा मात्र जालना, परभणी किंवा वाशिमहून चाकणला जाण्यासाठी घरून उसने पैसे घेतो आणि तिथे गेल्यावर त्याला खरे-खोटे कळते.

हे आधीच कसे ओळखायचे, याची माहिती या लेखात आहे. उदाहरणे मुख्यतः छत्रपती संभाजीनगर (शेंद्रा-बिडकीन) आणि पुणे-चाकण पट्ट्यातील आहेत. आपल्याकडचा बहुतेक तरुण याच दोन ठिकाणी नोकरी शोधतो.

घोषणा आणि भरती यांच्यात किती अंतर असते?

सुरुवात एका खऱ्या घोषणेने करू. जून २०२४ मध्ये एथर एनर्जी या स्कूटर कंपनीचा कारखाना बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत येणार असल्याचे जाहीर झाले. गुंतवणूक दोन हजार कोटींहून अधिक, वर्षाला १० लाख स्कूटर आणि तितकेच बॅटरी पॅक, रोजगार सुमारे ४,०००. पुढच्याच महिन्यात, जुलै २०२४ च्या अखेरीस, टोयोटा किर्लोस्करने त्याच बिडकीन परिसरासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. त्यात सुमारे २०,००० कोटींची गुंतवणूक, ८,००० प्रत्यक्ष आणि ८,००० अप्रत्यक्ष रोजगार असे आकडे होते.

दोन्ही कंपन्या खऱ्या आहेत. तरीही या बातम्या वाचून दुसऱ्या दिवशी बायोडाटा घेऊन बिडकीनला जाणाऱ्या मुलाला तिथे मोकळी जमीनच दिसली असती. सामंजस्य करार म्हणजे इरादा. त्यानंतर जमिनीचे वाटप आणि तिचे पैसे, इमारतीचा आराखडा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीसाठीची संमती, बांधकाम, यंत्रसामग्रीची ऑर्डर, यंत्रे बसवणे, चाचणी उत्पादन आणि शेवटी नियमित उत्पादन असा क्रम असतो. यात सहज दोन-तीन वर्षे जातात. मध्येच बाजार मंदावला तर कंपनी एखादा टप्पा पुढेही ढकलते.

कोणत्या टप्प्यावर कोणाची गरज पडते, हे लक्षात ठेवा. करार आणि जमीन या टप्प्यावर तांत्रिक भरती जवळजवळ नसते. बांधकाम सुरू झाले की मोजके प्रकल्प अभियंते लागतात. बाकी कामगार बांधकाम ठेकेदाराचे असतात. यंत्रे यायला लागली, म्हणजे उत्पादनाच्या साधारण सहा ते नऊ महिने आधी, मेंटेनन्स आणि प्रोसेसचे लोक घेतले जातात. बऱ्याचदा त्यांना कंपनीच्या जुन्या कारखान्यात शिकायला पाठवतात. एथरचे जुने कारखाने तामिळनाडूत होसूरला आहेत. उत्पादनाला दोन-तीन महिने उरले की ऑपरेटर आणि अप्रेंटिस यांची मोठी भरती होते. ती आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधून होते.

दुसरी गोष्ट, जाहीर झालेला रोजगाराचा आकडा पूर्ण क्षमतेचा असतो. एथरनेच हा कारखाना पाच-पाच लाख गाड्यांच्या दोन टप्प्यांत उभारण्याची योजना मांडली. म्हणजे ४,००० लोक एका दिवशी आत जाणार नाहीत. पहिला टप्पा, त्यातही आधी एक पाळी, मागणी वाढली तर दुसरी, अशी भरती वाढत जाते. "अप्रत्यक्ष रोजगार" या आकड्यात तर वाहतूकदार, कॅन्टीन, सुटे भाग बनवणारे लहान उद्योग, सगळे मोजलेले असतात. तो आकडा भरतीचा नव्हे.

घोषणेचे काय होऊ शकते, याचे देशपातळीवरचे उदाहरण बॅटरी सेलचे आहे. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेलनिर्मितीसाठी १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. लक्ष्य होते ५० गिगावॅट-तास क्षमतेचे. २०२२ मध्ये कंपन्या निवडल्या गेल्या. त्यातली एक करार होण्याआधीच बाहेर पडली. उरलेल्यांपैकी काहींना मुदतीत काम न झाल्याबद्दल २०२५ मध्ये सरकारच्या नोटिसा गेल्या. ओला इलेक्ट्रिकने तामिळनाडूत कृष्णगिरीला उत्पादन सुरू केले, पण तेही ठरलेल्या क्षमतेच्या छोट्या भागाचे. या घोषणांच्या जोरावर "बॅटरी इंजिनिअर व्हा" असे सांगणारे क्लास मात्र त्याच वर्षी सुरू झाले होते.

महाराष्ट्रात नेमके काम कुठले आहे?

"बॅटरी कारखाना" या एका शब्दाखाली दोन वेगळे कारखाने येतात, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

पहिला, सेल बनवणारा. तिथे रसायनांची पेस्ट तयार करून ती धातूच्या पातळ फॉइलवर थापतात, वाळवतात, रोलरखाली दाबतात, कापतात, गुंडाळतात किंवा रचतात, आत इलेक्ट्रोलाइट भरतात आणि मग दिवसेंदिवस हळूहळू चार्ज-डिस्चार्ज करून सेल "तयार" करतात. इलेक्ट्रोलाइटला हवेतली ओल चालत नाही, म्हणून सगळे अत्यंत कोरड्या हवेच्या बंदिस्त खोलीत होते. इथे केमिकल आणि मेटलर्जी अभियंत्यांना मागणी असते. पण असे मोठे प्रकल्प प्रामुख्याने महाराष्ट्राबाहेर आहेत : ओला कृष्णगिरीला, एक्साइड बेंगळुरूला, अमर राजा तेलंगणात महबूबनगर जिल्ह्यात, टाटांची अगरतास गुजरातेत साणंदला.

दुसरा, पॅक जोडणारा. तो तयार सेल विकत घेतो, त्यातले बरेच परदेशातून आलेले असतात, आणि त्यांचा पॅक जोडतो. आपल्या राज्यात काम आहे ते मुख्यतः हे, आणि गाडीची जोडणी व सुटे भाग. महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक एसयूव्ही चाकणला बनतात, बजाज चेतक आकुर्डीला जोडली गेली. टाटा ऑटोकॉम्पसारख्या सुट्या भागांच्या कंपन्या पुण्याच्या आसपास पॅक बनवतात. त्यामुळे महाराष्ट्रात राहून नोकरी करायची असेल तर पॅक लाइन समजून घेणे फायद्याचे आहे.

एक साधा पॅक घेऊ. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या एका सेलचा व्होल्टेज ३.२. असे १६ सेल एकापुढे एक जोडले की ५१.२ व्होल्ट. सेल १०० अँपिअर-तासांचा असेल तर पॅकची ऊर्जा ५१.२ गुणिले १००, म्हणजे ५,१२० वॅट-तास, अर्थात सुमारे ५.१ युनिट वीज.

लाइनवर पहिले काम असते आलेल्या सेलची तपासणी. प्रत्येकाचा व्होल्टेज आणि अंतर्गत रोध मोजतात. समजा १५ सेल ३.२९ व्होल्ट दाखवतात आणि एक ३.२१. तो एक बाजूला काढायचा. कारण सेल एकापुढे एक जोडलेले असले की सगळ्यात दुबळा सेल पूर्ण पॅकची मर्यादा ठरवतो. डिस्चार्ज होताना तो आधी रिकामा होतो, आणि बाकीच्या सेलमध्ये वीज शिल्लक असूनही नियंत्रक सर्किट, म्हणजे बीएमएस, पॅक बंद करते. ग्राहक म्हणतो, "गाडी सांगितलेल्या अंतराच्या अर्ध्यातच थांबते."

पुढचे काम वेल्डिंगचे. सेलचे टोक आणि पट्टी लेझरने जोडतात. वेल्ड कच्चा राहिला तर तिथे रोध वाढतो. अर्धा मिलीओहम जास्तीचा रोध आणि १०० अँपिअर प्रवाह धरा : १०० गुणिले १०० गुणिले ०.०००५, म्हणजे ५ वॅट उष्णता एका ठिपक्याएवढ्या जागी. गाडी चालू असेपर्यंत तो ठिपका तापत राहतो. म्हणून वेल्डची ओढून आणि रोध मोजून तपासणी करणारा माणूस लागतो. त्यानंतर बीएमएसच्या तारा, इन्सुलेशनची चाचणी, पाणी आत शिरते का याची हवेच्या दाबाने चाचणी, आणि शेवटी चार्ज-डिस्चार्ज करून अंतिम तपासणी.

२०२२ मध्ये स्कूटर पेटण्याच्या घटना घडल्यानंतर केंद्राने बॅटरी सुरक्षेचे नियम कडक केले. दुचाकींसाठी एआयएस-१५६ हे मानक डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत सुधारित स्वरूपात लागू झाले. एक सेल पेटला तर आग पसरते का, पाणी शिरते का, कोणता सेल कोणत्या पॅकमध्ये गेला याची नोंद आहे का, हे दाखवणे भाग पडले. त्यामुळे टेस्टिंग आणि क्वालिटीची कामे वाढली. ती घोषणेवर अवलंबून नाहीत. गाडी विकायची तर ती करावीच लागतात.

आता या लाइनवर कोण लागतो ते मोजा. ऑपरेटर, क्वालिटी तपासनीस, टेस्टिंग टेक्निशियन, यंत्रे आणि रोबोट चालू ठेवणारा मेंटेनन्सवाला, स्टोअर्स सांभाळणारा. बीएमएस डिझाइन करणारे अभियंते संपूर्ण कंपनीत मोजके असतात. म्हणून इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक, फिटर या जुन्या ट्रेडच्या मुलांना या कारखान्यांत जागा असते. "मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल" हा नवा आयटीआय ट्रेडही आहे, पण त्यात गाडी दुरुस्तीवर भर आहे. तो गॅरेज, सर्व्हिस सेंटर आणि डीलरकडच्या कामाला अधिक जुळतो. डिप्लोमा आणि बी.ई. इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन झालेल्याला पीएलसी, सेन्सर आणि मोजमापाची उपकरणे नीट येत असतील तर पॅक लाइनच्या मेंटेनन्समध्ये त्याला मागणी असते. ही लाइन बंद पडली तरी ते कौशल्य औषध किंवा अन्नप्रक्रिया कारखान्यातही चालते.

एक जाहिरात तपासून पाहू

आता एक नमुना घेऊ. कंपनीचे नाव घेत नाही, कारण असे मेसेज अनेक नावांनी फिरतात. समजा मजकूर असा आहे : "नामांकित ईव्ही कंपनीत ५०० जागा. आयटीआय, डिप्लोमा. पगार २०,०००. राहणे-जेवण मोफत. नोंदणी शुल्क १,५००. मुलाखत रविवारी."

पहिली तपासणी, कंपनी गाड्या विकते का? देशातल्या वाहन नोंदणीचा आकडा `vahan.parivahan.gov.in` वरच्या डॅशबोर्डवर उत्पादकानुसार आणि महिन्यानुसार दिसतो. त्यात तेलंगणाचे आकडे नसू शकतात, पण अंदाजाला अडचण येत नाही. समजा या कंपनीच्या महिन्याला ३५० गाड्या नोंदल्या जातात, म्हणजे वर्षाला ४,२००.

आता एथरच्या घोषणेतले गणित लावा. १० लाख गाड्यांना ४,००० लोक, म्हणजे माणशी वर्षाला २५० गाड्या. त्या हिशेबाने ४,२०० गाड्यांना १७ माणसे पुरतात. अर्थात एथरचा आकडा मोठ्या, यंत्रांनी भरलेल्या कारखान्याचा आहे. छोट्या कारखान्यात हाताने काम जास्त होते. पाचपट धरू, तरी ८५ माणसे. मग ५०० नवे लोक ही कंपनी कुठे लावणार? दोनच शक्यता उरतात. एक तर ती उत्पादन अचानक कितीतरी पट वाढवणार आहे, आणि तसे असेल तर नवी इमारत, नवी यंत्रे, बँकेचे कर्ज किंवा शेअर बाजाराला दिलेली माहिती कुठेतरी दिसेल. नाहीतर "५०० जागा" हा आकडाच खोटा आहे. सुटे भाग बनवणारी कंपनी असेल तर तिचे नाव वाहन डॅशबोर्डवर येणार नाही. अशा वेळी ती कोणाला माल देते ते विचारा आणि त्या गाडीची विक्री पाहा.

दुसरी तपासणी, आज तिथे किती लोक काम करतात? भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर Establishment Search नावाची सोय आहे. त्यासाठी लॉगिन लागत नाही. कंपनीचे नाव टाकले की तिचा पीएफ क्रमांक आणि कोणत्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा पीएफ भरला हे दिसते. वर्षभर आकडा ६०-७० वर असेल आणि पीएफ दोन-दोन महिने उशिरा भरला जात असेल, तर ती कंपनी सध्या माणसे वाढवत नाही, पगारालाच झगडते आहे. एक मर्यादा लक्षात घ्या. ठेकेदाराचे कामगार ठेकेदाराच्या क्रमांकाखाली दिसतात, कंपनीच्या नव्हे. म्हणून मेसेजमध्ये ठेकेदार किंवा एजन्सीचे नाव असेल तर त्याचाही शोध घ्या. ज्या एजन्सीच्या नावावर पीएफची नोंदच नाही, ती ५०० माणसे कुठल्याच कारखान्यात लावू शकत नाही.

तिसरी तपासणी, पैसे कोण कोणाला देतो? नोंदणी शुल्क, गणवेशाचे पैसे, लॅपटॉपची अनामत, वैद्यकीय तपासणीचे आगाऊ पैसे, यातले काहीही कारखाना मुलाखतीआधी उमेदवाराकडून मागत नाही. अशी मागणी आली की पुढच्या तपासणीची गरजच नाही. १,५०० रुपये गुणिले ५०० मुले म्हणजे साडेसात लाख. धंदा तिथेच झालेला असतो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

चौथी, काम खरोखर कारखान्यातले आहे का? काही "ईव्ही नोकऱ्या" प्रत्यक्षात शोरूममध्ये गाड्या विकण्याच्या असतात, पगार विक्रीच्या टार्गेटवर. काहींमध्ये तर चार्जिंग स्टेशनची फ्रँचायझी गळ्यात मारायची असते. फोनवर तीन प्रश्न विचारा : कोणत्या गावी, कोणत्या प्लॉटवर, कोणत्या विभागात काम? पाळी किती वाजता सुरू होते? नियुक्तिपत्र कोणाच्या नावाने मिळणार, कंपनीच्या की एजन्सीच्या? खरा भरती अधिकारी एका मिनिटात उत्तर देतो. "आधी या, मग सांगतो" हे उत्तर पुरेसे बोलके आहे.

वीस हजारांतले हातात किती?

समजा चारही तपासण्या झाल्या, कंपनी खरी निघाली आणि ऑफर आली : महिन्याला २०,००० सीटीसी. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. मूळ पगार १०,००० धरून हिशेब करू.

या २०,००० मध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,२००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ४८०, बोनस सुमारे ८३० आणि राज्य विमा म्हणजे ईएसआयचा कंपनीचा वाटा सुमारे ५५० धरलेला असतो. ते वजा केले की ढोबळ पगार उरतो सुमारे १६,९४०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,२००, ईएसआय सुमारे १२७ आणि व्यवसाय कर २०० जातो. स्त्रियांना या पगारावर व्यवसाय कर नाही. हातात येतात साधारण १५,४००. कॅन्टीन आणि बसचे पैसे कापत असतील तर ते यातूनच. चाकणला खोलीचा वाटा आणि जेवण वजा करून काय उरते, हे घरून निघण्याआधी कागदावर मांडा.

पीएफ आणि ईएसआय कापले जातात म्हणून नाराज होऊ नका. ते पैसे आणि तो विमा तुमचाच आहे. "पीएफ नको, पूर्ण रोख देतो" असे म्हणणारा ठेकेदार तुमच्या नोकरीचा पुरावाच पुसून टाकतो. उद्या अनुभवपत्र द्यायला त्याने नकार दिला तर पीएफ खात्यातील नोंद हाच तुमचा दाखला ठरतो.

नियुक्तिपत्रात नोकरीचा प्रकार पाहा. कायम, ठरावीक मुदतीची किंवा ठेकेदारामार्फत, असे तीन मुख्य प्रकार आढळतात. ईव्ही कारखान्यांत नव्या लोकांना मुदतीवर घेण्याकडे कल जास्त आहे, कारण मागणी वरखाली होते. जून २०२३ मध्ये केंद्राने दुचाकींवरचे अनुदान प्रति युनिट बॅटरी १५,००० वरून १०,००० रुपयांवर आणले आणि कमाल मर्यादा गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर खाली आली. २०२५ मध्ये चीनने मोटारीत लागणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा चांगल्या खपाच्या चेतकचेही उत्पादन कमी करावे लागले. असे झाले की सर्वांत आधी मुदतीवरचे आणि ठेक्यावरचे लोक कमी होतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे, आणि मुदतीवरच्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. मुदत अकरा महिन्यांची लिहिली असेल तर त्यामागचे कारण यातून समजेल.

क्लास लावायचा की अप्रेंटिस व्हायचे?

ईव्हीचे तीन महिन्यांचे क्लास चाळीस-पन्नास हजारांत मिळतात. "शंभर टक्के प्लेसमेंट" असे फलकावर असते. फी भरण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, हाताळायला खरा पॅक, बीएमएस आणि मोजमापाची उपकरणे आहेत का, की नुसत्या स्लाइड्स? वरच्या १६ सेलच्या पॅकमध्ये एक सेल कमी व्होल्टेज का दाखवतो, हे शिक्षकाला विचारा. दोन, मागच्या बॅचच्या चार-पाच मुलांशी स्वतः बोला आणि त्यांचे नियुक्तिपत्र कोणी दिले ते विचारा. बऱ्याचदा ते ठेकेदाराचे असते, आणि तीच नोकरी क्लास न लावताही मिळाली असती.

आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्यासाठी कायद्यातली अप्रेंटिसशिप हा अधिक भक्कम मार्ग आहे. आयटीआयवाल्यांनी `apprenticeshipindia.gov.in` वर आणि डिप्लोमा-पदवीधरांनी `nats.education.gov.in` वर नोंदणी करायची. नोंदणी मोफत आहे. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० असे ठरवले. मोठ्या कंपन्या त्याहून जास्त देतात. अप्रेंटिसला पीएफ आणि ईएसआय लागू नसतो, त्यामुळे तो कापला नाही म्हणून फसवणूक समजू नका. मात्र पोर्टलवर नोंदलेला करार हवाच. "ट्रेनी" म्हणून आत घेतले, करार नाही आणि पीएफही नाही, असे असेल तर तुम्ही स्वस्तातले कामगार आहात, शिकाऊ नाही. अप्रेंटिसला परवानगीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. रोज बारा तास उभे करत असतील तर तीही खूण तीच.

दोन गोष्टी स्पष्ट असू द्या. अप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन कायद्याने कंपनीवर नाही. पण निर्दिष्ट ट्रेडची परीक्षा पास झाल्यावर मिळणारे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र दुसऱ्या कारखान्यात आणि सरकारी तांत्रिक भरतीतही कामी येते. आणि खासगी नोकरीत आरक्षण नसले तरी १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याच्या कलम ३-अ मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. आपल्या भागातील कारखान्यांत ती पाळली जाते का, हे जिल्ह्याच्या मूलभूत प्रशिक्षण आणि अनुषंगिक सूचना केंद्राकडे किंवा शासकीय आयटीआयकडे माहितीच्या अधिकारात विचारता येते. हे काम एकट्या उमेदवाराचे नाही, कार्यकर्त्यांनी करायचे आहे.

कार्यकर्त्यांसाठी आणखी एक सूचना. भरतीचा मेसेज पुढे पाठवण्याआधी त्याखाली चार ओळी स्वतः लिहा : कारखाना कोणत्या टप्प्यावर आहे, वाहन डॅशबोर्डवर महिन्याची विक्री किती, पीएफच्या नोंदीत माणसे किती, आणि नियुक्तिपत्र कोण देणार. अर्ध्या तासाचे काम आहे. या चार ओळी भरता आल्या नाहीत, तर तो मेसेज ग्रुपवर टाकू नका.